कोणतं साल? कोणतं चॅनेल?

आमच्या सोसायटीला पन्नास वर्षं झाली, म्हणून स्मरणिका काढायची ठरली. पन्नास वर्षांत सोसायटीने केलं काय, असा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून स्मरणिका काढतात, असं माझं जुनं मत आहे. तीत अध्यक्षांचा फोटो असतो, सचिवांचा असतो, पाण्याच्या टाकीचासुद्धा असतो. उरलेल्या पानांवर रहिवाशांच्या आठवणी. या वेळी आठवणींचा विषय होता : ‘मी टीव्हीवर पाहिलेला पहिला थेट सामना’. खाली तीन रकाने : साल, चॅनेल, समालोचक.

संपादक म्हणजे सचिवांचा भाचा. तो चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. आम्ही चिंचवडला राहायला आलो तेव्हा चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. तिथून आता क्वालिटी यायला लागली आहे. या मुलाला कुठलीही गोष्ट सांगितली, की तो लागोपाठ पाच वेळा ‘का?’ विचारतो. त्यांच्या कारखान्यात दोषाचं मूळ म्हणे असंच शोधतात. आमच्या पिढीत पाच वेळा ‘का’ विचारणाऱ्याला दुसऱ्या ‘का’च्या वेळीच उत्तर मिळत असे, आणि ते तोंडी नसे.

“काका, आठवणी चाळीस आल्यात,” तो म्हणाला. “पण पुरावा एकाचाही नाही. तुम्ही तपासून द्या.”

मी कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेली. गेज हातात असलं की मी ब्रह्मदेवाचासुद्धा जॉब रिजेक्ट करीन. कागद घेऊन घरी आलो आणि सौ.ला म्हटलं, “दोन दिवसांचं काम आहे.” तिने वर न बघता मटार सोलणं चालू ठेवलं.

पहिलाच कागद आमच्या रिटायर्ड साहेबांचा. ‘१९७५ सालचा हॉकीचा विश्वचषक अंतिम सामना मी टीव्हीवर पाहिला. समालोचक जसदेव सिंग.’ सामना खरा. १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, आपण पाकिस्तानला २-१ असं हरवलं. आवाजही खरा, जसदेव सिंगांचाच. फक्त तो रेडिओवरून आला होता. साहेबांनी ऐकलं ते कानांनी, आणि जसदेव सिंगांनी ते इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या पन्नास वर्षांत साहेबांच्या डोळ्यांनी आपला वाटा मागून घेतला. मी साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मी अशोककुमारचा गोल पाहिलाय हो!” मी म्हटलं, “साहेब, तुम्ही तो जसदेव सिंगांच्या डोळ्यांनी पाहिलात.” त्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले. कारखान्यात साहेब इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

त्या काळच्या आवाजांचा हा गुणच होता. आमच्याकडे बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे. मराठीतून क्रिकेट सांगणाऱ्यांतले ते आद्य पुरुष, आणि पुण्याचेच. त्यांच्यामुळे ‘यष्टिरक्षक’ हा शब्द आमच्या आईला माहीत होता, आणि यष्टिरक्षक नेमकं काय राखतो हे माहीत नसतानाही ती त्याच्या बाजूची होती. पुढे टीव्ही आला तरी घरोघरी टीव्हीचा आवाज बंद करून ट्रान्झिस्टर चालू ठेवायची पद्धत पडली. चित्र दूरदर्शनचं, आवाज आकाशवाणीचा. त्यामुळे कुणी ‘टीव्हीवर पाहिलं, समालोचक बाळ पंडित’ असं लिहिलं, तर तो खोटं बोलतो असं लगेच म्हणता येत नाही. एका घरात दोन यंत्रं होती, आठवणीत ती एकच झाली.

हळूहळू माझी तपासायची रीत बसली. आधी धावफलक काढायचा. तो सगळ्या क्रिकेटच्या पुस्तकांत असतो आणि त्याला भावना नसतात. तारीख मिळाली की वार काढायचा. मग घड्याळ. इथे भले भले फसतात. इंग्लंड आपल्या साडेपाच तास मागे, असं शाळेत शिकवलेलं असतं. पण क्रिकेट उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात ते लोक आपली घड्याळं तासभर पुढे सारतात. म्हणजे फरक साडेचार तासांचा.

त्यानंतर यायचा टीव्हीचा पुरावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आमच्याकडे यायला लागले. तेव्हा १९७३ च्या आधी पिंपरी-चिंचवडात घरी बसून कुणी टीव्ही पाहिला असेल, तर तो बंद असलेला पाहिला. रंगाची कसोटी मात्र एकाच बाजूने चालते. दूरदर्शनवर रंग आला तो १५ ऑगस्ट १९८२ ला. त्यामुळे ‘रंगीत पाहिला’ म्हणणाऱ्याचा सामना त्यानंतरचा, हे नक्की. पण ‘काळापांढरा पाहिला’ यावरून काहीच ठरत नाही, कारण दूरदर्शनवर रंग आला म्हणून आमच्या घरातल्या पेटीत आला नव्हता. आमच्याकडे १९८९ पर्यंत हिरवळ राखाडीच होती.

‘चॅनेल’ या रकान्याने मात्र जीव खाल्ला. जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. चॅनेल म्हणजे टीव्हीवरचं ते खटखट फिरणारं बटण. ते एका जागी ठेवायचं, आणि मुलांनी फिरवलं तर मुलांना फिरवायचं. दूरदर्शन एकच. पण एका बाईंनी लिहिलं होतं, ‘१९८५, रवी शास्त्री आणि ऑडी गाडी, चॅनेल नाइन’. मला वाटलं, चुकलं. मग लक्षात आलं, चूक अर्धीच आहे. मेलबर्नचा तो १० मार्च १९८५ चा रविवार. पाकिस्तानला हरवून आपला संघ त्या गाडीच्या टपावर चढला होता. चित्रं काढली होती ऑस्ट्रेलियाच्या चॅनेल नाइनने. कुणी शून्यावर बाद झालं की पडद्यावरून रडत जाणारं ते बदकही त्यांचंच. पण ती चित्रं आपल्या घरात आणून सोडली दूरदर्शनने. दूध कात्रजचं असलं तरी आपण म्हणतो, “आमच्याकडे अमुक भय्या दूध घालतो.” चॅनेलचंही तसंच. काढणारा वेगळा, घालणारा वेगळा. मी एका रकान्याचे दोन रकाने केले आणि संपादकाने पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

आवाजावरूनही हे ओळखता येत नाही. रिची बेनॉ ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात चॅनेल नाइनवर आणि इंग्लंडच्या उन्हाळ्यात बीबीसीवर बोलत. माणूस तोच, कोट फार तर वेगळा. नुसता ‘बेनॉचा आवाज होता’ एवढ्यावरून साल ठरवणं म्हणजे जावयाच्या खोकल्यावरून सण ओळखण्यासारखं आहे. पुढे केबल आली आणि सामने दाखवायचे कुणी, यावरून भांडणं सुरू झाली. १९९३ च्या हिरो कपाच्या वेळचं भांडण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आमच्या गच्चीवर अँटेना सरळ करताना शेजाऱ्याच्या अँटेनाला धक्का लागला तेव्हा हा निकाल असता, तर माझं पुष्कळ काम झालं असतं.

असे अडतीस कागद निकालात काढले. उरले दोन. एक अण्णांचा आणि एक माझा.

अण्णा आमचे समोरचे. आयुष्यभर भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर. माणूस मितभाषी; लेथवर काम करणाऱ्याला कुणी बोलू देत नाही, मग तशीच सवय लागते. त्यांनी लिहिलं होतं :

‘१९८३ ची फायनल. आमच्या स्वतःच्या टीव्हीवर. सुट्टीचा दिवस होता. दुपारचं ऊन पडद्यावर येत होतं म्हणून मी खिडकीला चादर लावली. शेजारी वडील बसले होते. मिडविकेटला तो कॅच घेतला गेला तेव्हा वडील माझा हात धरून उभे राहिले. वडिलांबरोबर मी पाहिलेला हा एकच सामना.’

हा कागद मी लगेच पास करायला हवा होता. पण हातात गेज होतं. २५ जून १९८३ ला वार होता शनिवार. भोसरीच्या वर्कशॉपांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी. बरं, लॉर्ड्सवर सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे दुपार कलली होती. आपण १८३ धावांत आटोपलो, मग ते खेळायला आले, आणि मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सचा तो उंच उडालेला फटका कपिलने मागे पळत जाऊन मिडविकेटला झेलला, तेव्हा चिंचवडला रात्र झाली होती. सामना संपला तो मध्यरात्रीच्या सुमारास. रात्री चादर कशाला लावायची? मग मी अण्णांकडे टीव्हीची पावती मागितली. माणूस पावत्या जपणारा. पावती निघाली. १९८६ सालची.

मी हिशेब सुरू केला. गुरुवार, दुपारचं ऊन, स्वतःचा टीव्ही, म्हणजे १९८६ नंतर. मिडविकेटचा झेल, कपिल. धावफलक चाळता चाळता सापडलं : ५ नोव्हेंबर १९८७, वानखेडेवर रिलायन्स कपाची उपांत्य फेरी, इंग्लंडविरुद्ध. वार गुरुवार! गूच स्वीप मारमारून ११५ करून गेला. गावसकर ४ धावांवर डीफ्रीटसच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाला. भारताकडून त्याचा तो शेवटचा डाव. आणि कपिल ३० वर असताना हेमिंग्जला उचलून मारायला गेला आणि मिडविकेटला गॅटिंगने त्याला झेललं. आपण ३५ धावांनी हरलो. एका सामन्यात मिडविकेटला झेल घेणारा कपिल, दुसऱ्यात मिडविकेटला झेल देणारा कपिल. अण्णांच्या मनाने या झेलाचं ऊन घेतलं आणि त्या झेलाचा आनंद घेतला. काम इतकं सफाईचं होतं की जोड बोटाला लागत नव्हता.

पण या निकालातून जे निघत होतं, ते मला नको होतं. अण्णांचे वडील १९८५ मध्ये गेले. ८७ चा सामना वडिलांनी पाहिलेला नाही. ८३ साली अण्णांकडे टीव्ही नव्हता. मग वडिलांबरोबर पाहिलेला तो एकच सामना कोणता? गेज सांगत होतं, कोणताच नाही.

दोन दिवस मी अण्णांना चुकवत फिरलो. जिन्यात पावलं वाजली की मी दाराआड थांबायचो. शेवटी दूध आणताना गाठलंच त्यांनी.

“भाऊसाहेब, माझं काय झालं?”

“बघतोय अण्णा. घड्याळाचा थोडा घोळ आहे.”

“घड्याळाचं राहू द्या. दादा होते ना, तेवढं लिहा.”

आता माझा स्वतःचा कागद. मी लिहिलं होतं, ‘१८ जून १९८३. कपिलदेव नाबाद १७५. थेट. घरी.’ लिहिताना मला सगळं दिसत होतं : तो आत येणारा कपिल, ५ बाद १७, किरमाणीची साथ, झाडांच्या मागे जाणारे चेंडू. पण तपासनीसाने स्वतःचा जॉब तपासू नये हा इन्स्पेक्शनचा पहिला नियम. म्हणून मी तो सौ.कडे दिला.

सौ. काही न बोलता माळ्यावर चढली आणि एक ट्रंक खाली घेतली. तिच्यात तिच्या हिशेबाच्या वह्या. लग्न झाल्यापासूनच्या, सालवार, सुतळीने बांधलेल्या. मी या वह्यांची चाळीस वर्षं टिंगल केली. त्यांतली १९८३ ची काढून तिने जून उघडला आणि चष्मा लावून वाचलं :

“शनिवार १८. डबा, हे सेकंड शिफ्ट. रॉकेल. कोथिंबीर पंचवीस पैसे.”

मी दुपारी तीनपासून कारखान्यात होतो. शिवाय ती वही नसती तरी मी पडलोच असतो. त्या दिवशी इंग्लंडात एकाच वेळी चार सामने चालले होते, आणि टनब्रिज वेल्सच्या मैदानावर कॅमेराच नव्हता. त्या खेळीचं चित्रण जगात कुठे नाही. मी जे पाहिलं ते ऐकलेलं, वाचलेलं, आणि शेवटी २०२१ च्या त्या सिनेमात नटाने केलेलं. झाडंसुद्धा सिनेमातली निघाली. त्यातून १८ आणि २५, दोन्ही शनिवार. एका शनिवारचं दुसऱ्या शनिवारात सांडायला कितीसा वेळ? साहेबांना मी जे ऐकवलं होतं ते सगळं मला तोंडपाठ होतं, त्यामुळे ते पुन्हा स्वतःला ऐकवणं सोपं गेलं.

“बरं, पुढच्या शनिवारी काय आहे?” मी जरा पडेल आवाजात विचारलं.

“पुढच्या आठवड्यात तुमची फर्स्ट होती,” ती म्हणाली आणि पान उलटलं. “शनिवार २५. साखर एक किलो, दूध दोन लिटर जादा, मॅच. कप आणले : देशपांडीण सहा, खालच्या वहिनी सहा. चहा तेवीस, पैकी एक बिनसाखरेचा.”

“एक कुणाचा?”

“आता मला काय विचारता? सबंध बिल्डिंगीत बिनसाखरेचा चहा कोण पीत होतं तेव्हा?”

मी वही तशीच हातात घेऊन समोरचं दार वाजवलं. तेव्हा अख्ख्या मजल्यावर टीव्ही फक्त आमच्याकडे. जमलेले सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसलेले, मुलं पलंगाखाली, आणि म्हाताऱ्या माणसांना दाराजवळची खुर्ची. अण्णांच्या वडिलांना साखर होती. त्या वेळी मधुमेह आजच्याइतका सार्वजनिक झालेला नव्हता. आमच्या जिन्यात तेवढे एकटेच होते, आणि चहा देताना सौ. त्यांचा कप वेगळ्या बशीत ठेवायची, चुकू नये म्हणून.

अण्णांनी ती ओळ वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली.

“निळी कड होती बशीला,” ते म्हणाले. “दादांनी हातातच धरली होती. कॅच घेतला तेव्हा उभे राहिले आणि चहा माझ्या हातावर सांडला. म्हणून हात धरला त्यांनी.”

निळ्या कडेच्या बशीचा वहीत उल्लेख नव्हता. सौ. मागून आली होती. ती म्हणाली, “त्या संचातल्या दोन अजून आहेत.”

संध्याकाळी संपादक आला. मी कागद दिले. अण्णांच्या रकान्यांत लिहिलं होतं : साल १९८३, शनिवार २५ जून, रात्र. चित्रं बीबीसीची, घरी आणली दूरदर्शनने. टीव्ही समोरच्या बिऱ्हाडाचा. खिडकीच्या चादरीवर काट मारून समासात ‘५ नोव्हेंबर १९८७’ अशी नोंद केली होती. माझा कागद मी रिजेक्टच्या गठ्ठ्यात घातला होता.

“पुरावा?” त्याने सवयीने विचारलं.

मी वही पुढे केली. त्याने फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला, मग दुसऱ्या कोनातून आणखी एक. “काकू, हे स्मरणिकेत छापू का? कोथिंबीर पंचवीस पैसे लोकांना फार आवडेल.”

“छाप,” ती म्हणाली. “आणि खाली लिही, खालच्या वहिनींनी सहा कप दिले होते, त्यांतले पाचच परत गेले असं त्या अजून म्हणतात. मी सहा दिलेत. तेही आहे वहीत, सोमवारी.”

त्याने पान उलटलं. सोमवार, २७ जून. ‘कप सहा परत.’

“आता हा कागद,” ती माझ्याकडे बघत म्हणाली, “घेऊन तेवढं खाली जाऊन या.”